अरबीची वर्गवारी चाचणी: एकूण गुणांवरून वर्ग का ठरवू नये

प्रश्न: मुंबईत आमची छोटी संस्था आहे. प्रौढांसाठी अरबीचे प्राथमिक, मध्यम आणि प्रगत असे तीन वर्ग चालवतो. प्रवेशाला ५० गुणांची बहुपर्यायी चाचणी घेतो. २० च्या खाली प्राथमिक, ३५ च्या वर प्रगत. तरी दर वेळी मध्यम वर्गात गोंधळ होतो. काहींना काहीच कळत नाही, काही कंटाळून जातात. चाचणी कशी बनवावी?

उत्तर:

तुमचे प्रश्न वाईट असतील असं मला वाटत नाही. अडचण बेरजेत आहे. आपल्याकडे अरबीला येणाऱ्या प्रौढांचं वाचन, बोलणं आणि व्याकरण एकसारखं वाढलेलं नसतं. जर्मनच्या वर्गाला येणारा माणूस बहुतेक वेळा शून्यापासून सुरुवात करतो आणि जे शिकतो ते वर्गातच शिकतो. अरबीचं तसं नाही. इथे माणसं तीन-चार अगदी वेगळ्या वाटांनी येतात आणि त्या वाटांवर त्यांना भाषेचे वेगवेगळे तुकडे मिळालेले असतात.

लहानपणी नाजरा, म्हणजे अर्थ न शिकता कुराणाचं वाचन, केलेल्या रत्नागिरीच्या एखाद्या बाई घ्या. झेर-झबर, म्हणजे ऱ्हस्व स्वरांच्या खुणा, लावलेला मजकूर त्या न अडखळता वाचतात, उच्चार तर नव्या शिक्षकाला लाजवतील असे. पण वाचलेल्याचा अर्थ विचारला तर नमाजातली वाक्यं सोडून फारसं काही सांगता येत नाही. दुसरे कुवेतमध्ये बरीच वर्षं ड्रायव्हर असलेले काका. धडाधड बोलतात, ऐकलेलं समजतं, पण लिपी पाट्या वाचण्यापुरती. तिसरा मदरशातून शिकून आलेला तरुण. नह्व आणि सर्फ, म्हणजे वाक्यरचना आणि शब्दरूपं, पक्कं, जुना मजकूर उलगडून सांगेल, पण ‘काल काय केलंस’ असं अरबीत विचारलं की वाक्य जुळवायला त्याला वेळ लागतो. पहिल्या दोघांना तुमच्या चाचणीत ३० च्या आसपास गुण पडतील आणि दोघं मध्यम वर्गात शेजारी बसतील. तिसरा ४५ मिळवून प्रगत वर्गात जाईल, आणि तिथे संभाषण असेल तर गप्प राहील. ३० हा आकडा या माणसांबद्दल काहीच सांगत नाही.

म्हणून प्रश्नपत्रिकेला हात लावण्याआधी तिन्ही वर्गांच्या शिक्षकांना एकत्र बसवून एकच गोष्ट विचारा: पहिल्या दिवशी तुम्ही काय न शिकवता गृहीत धरता? ‘मूलभूत व्याकरण’ असं उत्तर घेऊ नका. विद्यार्थी काय करून दाखवू शकला पाहिजे ते लिहून घ्या. मध्यम वर्गाचं उत्तर बहुधा असं येतं: झेर-झबर नसलेला सोपा मजकूर वाचून समजतो, नेहमीची क्रियापदं भूत आणि वर्तमान काळात चालवता येतात, स्वतःबद्दल चार-सहा वाक्यं सलग बोलता येतात. प्रगत वर्गाचं असं: अनोळखी शब्दाचं तीन अक्षरी मूळ ओळखता येतं, मुळानुसार लावलेल्या शब्दकोशात तो शोधता येतो, बातमीचा आशय सांगता येतो, स्वतःचं मत एका परिच्छेदात लिहिता येतं. या दोन याद्या म्हणजेच तुमची चाचणी. यादीत नाही ते विचारायचं नाही.

इथे एक गोष्ट तुमच्यावर अवलंबून आहे. वर्ग फक्त कुराणाचा अर्थ समजण्यासाठी असेल, किंवा फक्त आखातात जाणाऱ्या नर्सेससाठी असेल, तर या याद्या पार बदलतील आणि खाली सांगितलेले काही भाग गळतील. मी प्रमाण अरबी, म्हणजे फुसहा, वाचन आणि संभाषण दोन्हीसह शिकवता असं धरून लिहितोय. ‘प्रगत’ या शब्दालाही फार मोठा अर्थ देऊ नका. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना अरबीत कामापुरतं तयार करायला ८८ आठवडे, म्हणजे सुमारे २२०० तास धरतं. आठवड्यातून दोनदा भरणाऱ्या वर्गाचा ‘प्रगत’ म्हणजे तुमच्या संस्थेतला तिसरा वर्ग, एवढंच. चाचणीने तेवढंच सांगायचं आहे.

आता चाचणी. मी ती तीन टप्प्यांत घेतो आणि प्रत्येक टप्प्यानंतर थांबायची मुभा ठेवतो.

पहिला टप्पा लिपीचा, दहा मिनिटांचा. दहा शब्द सावकाश दोनदा वाचायचे आणि लिहून घ्यायचे. नुसतं वाचायला लावलं तर उर्दू येणारे आणि नाजरा केलेले सगळे सुटतात. लिहायला लावलं की फरक दिसतो. अरबीच्या २८ अक्षरांपैकी सहा पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत. अलिफ, दाल, रा, वाव ही त्यांतलीच. ज्याने लिपी फक्त डोळ्यांनी ओळखली आहे तो इथे चुकतो. तपासताना दोन प्रकारच्या चुका वेगळ्या ठेवा. दीर्घ स्वराचं अक्षर गाळणं ही खरी चूक, कारण ‘कातिब’ (लेखक) मधला अलिफ गेला की तो ‘कतबा’ (त्याने लिहिलं) होतो. पण सीनच्या जागी साद लिहिला तर ते वर्ग ठरवताना धरू नका. उर्दूत या दोन्हींचा उच्चार ‘स’च होतो, त्यामुळे उर्दू लिहिणारी मुरलेली माणसंही ‘सैफ’ ऐकून तलवार की उन्हाळा यात गोंधळतात. ते शिकवायचं आहे हे खरं, पण तो दोष मध्यम वर्गातही सर्रास असतो, त्यामुळे त्यावरून वर्ग ठरत नाही.

ज्याला दहापैकी तीन-चार शब्दही लिहिता आले नाहीत त्याची लेखी परीक्षा इथेच संपवा. पुढची दोन पानं समोर ठेवून त्याला अर्धा तास घाम फोडण्यात कुणाचाच फायदा नाही. कुवेतचे काका इथे थांबतील, पण त्यांना घरी पाठवू नका. ते थेट तोंडी टप्प्याकडे जातात.

दुसरा टप्पा वाचनाचा, आणि तुमच्या चाचणीत सर्वांत जास्त मेहनत इथे घ्यावी असं माझं म्हणणं आहे. झेर-झबर न लावलेला, ७०-८० शब्दांचा एक उतारा द्या. मजकूर धार्मिक नको, कारण पाठ असलेलं आठवणं आणि वाचून समजणं यातला फरक तिथे कळत नाही. प्रश्न मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत विचारा आणि उत्तरंही त्याच भाषेत घ्या. अरबीत उत्तर मागितलं तर वाचन तपासताय की लेखन, हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

उताऱ्यात एक-दोन वाक्यं मुद्दाम घडवलेली असावीत. माझं आवडतं वाक्य असं: एका बाईने कैरोत अरबीचा अभ्यास केला, मग परदेशी विद्यार्थ्यांना दहा वर्षं शिकवलं. अरबीत ‘अभ्यास केला’ हे दरसत आणि ‘शिकवलं’ हे दर्रसत. झेर-झबर आणि दुहेरी अक्षराची खूण काढली की दोन्ही शब्द कागदावर सारखेच दिसतात: दाल, रा, सीन, ता. कोणता कुठला हे पुढच्या ‘परदेशी विद्यार्थ्यांना’ या शब्दांवरून कळतं. प्रश्न फक्त एवढा: कैरोत तिने काय केलं आणि नंतर काय केलं? ज्याला शब्द ओळखू येतात पण वाक्य कळत नाही तो लिहितो, ‘कैरोत शिकली, नंतर दहा वर्षं शिकली.’ जो संदर्भ धरून वाचतो तो बरोबर लिहितो. नाजरा केलेल्या बाईंना हे वाक्य मोठ्याने वाचायला सांगा. खुणा नाहीत म्हणून त्या पहिल्याच शब्दावर थबकतात, आणि त्या कुठे आहेत ते एका मिनिटात लक्षात येतं.

उताऱ्यातले शब्द निवडताना एक सापळा टाळा. किताब, सवाल, वक्त, इमारत हे शब्द उर्दू, हिंदी किंवा मराठीतून सगळ्यांनाच माहीत असतात. उत्तर अशा शब्दांवरून काढता येत असेल तर तुम्ही अरबी तपासत नाही आहात. उलट काही शब्द अर्थ बदलून आपल्याकडे आले आहेत, ते उपयोगी पडतात. ‘गरीब’चा अरबी अर्थ विचित्र, अनोळखी, ‘तकरीर’चा अहवाल. अशा शब्दावर एखादा प्रश्न ठेवला की अंदाजाने उत्तरं देणारा ‘गरीब माणूस’ असंच लिहितो.

उताऱ्यानंतर व्याकरणाचे आठ-दहा प्रश्न पुरतात. इथे बहुपर्यायी चालतील, पण चुकीचे पर्याय विचार करून ठेवा, कारण निदान तेच करतात. एक उदाहरण देतो. ‘ही नवीन पुस्तकं आहेत’ यासाठी पर्याय ठेवा: हाजा कुतुब जदीद, हाउलाइ कुतुब जुदुद, हाजिही कुतुब जदीदा. अरबीत माणसांखेरीज इतर अनेकवचनं स्त्रीलिंगी एकवचनासारखी चालतात, म्हणून तिसरा पर्याय बरोबर. ‘हाउलाइ’ निवडणाऱ्याला ‘हे सगळे’चा शब्द माहीत आहे पण हा नियम अजून अंगवळणी पडलेला नाही, तो मध्यमच्या उंबरठ्यावर आहे. ‘हाजा’ निवडणाऱ्याला ‘कुतुब’ हे ‘किताब’चं अनेकवचन आहे हेच लक्षात आलेलं नाही; तो नक्की प्राथमिकचा. दोघांना शून्यच गुण, पण माहिती वेगळी. उत्तरपत्रिकेवर चूक-बरोबर न लिहिता निवडलेलं अक्षरच नोंदवा.

व्याकरणाच्या प्रश्नांत दोन बरोबर उत्तरं असण्याचा दोष नेहमी शिरतो. भूतकाळातला नकार हे त्याचं ठळक उदाहरण. ‘तो गेला नाही’ यासाठी ‘लम यजहब’ बरोबर, आणि ‘मा जहबा’ही बरोबर. दोन्ही पर्यायांत असतील तर मदरशातला तरुण बराच वेळ विचार करेल आणि कदाचित ‘चुकेल’. ‘लम जहबा’ हा मात्र चांगला चुकीचा पर्याय, कारण ‘लम’नंतर वर्तमानकाळी रूप लागतं हे अर्धवट शिकलेल्याला ठाऊक नसतं. पेपर ठरवण्याआधी अरबी मातृभाषा असलेल्या किंवा तितक्याच तयारीच्या दोघांकडून, एकमेकांना न दाखवता, सोडवून घ्या. जिथे दोघांची उत्तरं जुळत नाहीत तो प्रश्न काढून टाका.

तिसरा टप्पा बोलण्याचा, प्रत्येकी पाच-सात मिनिटांचा. वेळ नाही म्हणून बरेच जण हा वगळतात आणि मध्यम वर्गातला निम्मा गोंधळ तिथूनच येतो. नाव-गाव विचारून सुरुवात करा, मग कालच्या किंवा गेल्या शुक्रवारच्या गोष्टी, मग एखादं मत. जिथे उत्तर तुटायला लागतं तिथे एक पायरी खाली या आणि खात्री करून थांबा.

आखातात राहिलेल्यांच्या बाबतीत इथे फार काळजी घ्यावी लागते. तिथे मजूर, ड्रायव्हर आणि मालक यांच्यात एक तोडकीमोडकी कामचलाऊ अरबी चालते. ‘अना रूह सूक’ (मी बाजारात जातो), ‘माफी मालूम’ (माहीत नाही) अशी. ती ऐकायला अस्खलित वाटते, कारण बोलणारा अडखळत नाही, आणि परीक्षक भारावून त्याला मध्यमला टाकतो. ओळखायची सोपी युक्ती आहे: त्याला दुसऱ्यांबद्दल विचारा. तुमची बहीण सकाळी काय करते? मुलं शाळेत कशी जातात? आखाती बोली खरोखर येत असेल तर क्रियापद बदलतं: मी अरूह, ती तरूह, ते यरूहून. कामचलाऊ अरबीत मी, ती आणि ते सगळेच ‘रूह’. पहिल्या माणसाने बोली आत्मसात केली आहे, त्याला फक्त लिपी आणि प्रमाण रूपं द्यायची आहेत, तो भराभर वर चढेल. दुसऱ्याला क्रियापद चालवणं मुळापासून शिकावं लागेल, आणि इतकी वर्षं बसलेली सवय मोडायला वेळ लागेल.

बोलीबद्दल एक नियम आधीच लिहून ठेवा आणि सर्व परीक्षकांना द्या. ‘मला हवंय’ला कुणी ‘उरीद’ म्हणेल, कुणी इजिप्तचं ‘आयिज’, कुणी सीरिया-लेबनॉनकडचं ‘बिद्दी’. माझ्या मते या टप्प्यात तिन्ही बरोबर धरावेत. बोलीबद्दल गुण कापणारा एक आणि न कापणारा एक असे दोन परीक्षक असले की एकाच तयारीची दोन माणसं वेगळ्या वर्गांत जातात.

आता निर्णय. तिन्ही टप्प्यांची बेरीज करू नका. प्रत्येक टप्प्यावर विद्यार्थी कोणत्या वर्गाच्या गृहीतकापर्यंत पोचला ते वेगळं लिहा आणि ज्या अंगावर तुमचा वर्ग सर्वांत जास्त टेकलेला आहे तिथली पायरी निर्णायक माना. अरबीच्या बहुतेक वर्गांत फळ्यावर आणि पुस्तकात बिनखुणांचा मजकूर असतो, म्हणून मी वाचनाला निर्णायक मानतो. त्या हिशेबाने रत्नागिरीच्या बाई लिपीत मध्यम, वाचनात प्राथमिक, बोलण्यात प्राथमिक: वर्ग प्राथमिक. काका लिपीत प्राथमिक, बोलण्यात, क्रियापद चालवत असतील तर, मध्यम: वर्ग प्राथमिकच, पण लिपी येताच, साधारण दोन महिन्यांनी, पुन्हा पाहायचं असा शेरा. मदरशातला तरुण वाचनात प्रगत, बोलण्यात प्राथमिक-मध्यमच्या सीमेवर. तुमचे वाचनाचे आणि संभाषणाचे तास वेगळे असतील तर त्याला दोन वेगळ्या गटांत बसवणं सर्वांत चांगलं. नसतील तर मध्यम.

हे वाचताना तुमच्या लक्षात आलंच असेल की बाई आणि काका दोघंही प्राथमिकला गेले. त्यांच्यासोबत अलिफसुद्धा न पाहिलेली एखादी आयटीतली मुलगीही असेल. बाईंना भराभर वाचताना ऐकून ती मुलगी पहिल्या आठवड्यातच घाबरते. मुंबईतल्या वर्गांत सर्वांत मोठी दरी मध्यम आणि प्रगत यांच्यात नसते, ती तळाशी, लिपी येणारे आणि न येणारे यांच्यात असते. चौथा वर्ग उघडायची ऐपत असेल तर तो तिथे उघडा. नसेल तर लिपी न येणाऱ्यांना वर्ग सुरू होण्याआधी आठ-दहा तासांची लिपीची शिकवणी द्या. तुमच्या चाचणीचा पहिला टप्पा ही यादी आयतीच देतो.

गुणांच्या रेषा कुठे ओढायच्या, हे चाचणी बनवणाऱ्याने मनाने ठरवायचं नसतं. तुमच्या ‘२०’ आणि ‘३५’ला आधार कशाचा आहे? नवी चाचणी आधी चालू वर्गांना द्या. समजा वाचनाला २० गुण आहेत. प्राथमिक वर्ग पूर्ण करत आलेल्यांना बहुतेक ५ ते ९ मिळाले, आणि मध्यम वर्गात नीट रुळलेल्यांना ११ ते १६. मग रेषा १० च्या आसपास, आणि ९ ते ११ मधल्यांचा निर्णय तोंडी टप्प्यावर. दोन्ही गटांचे गुण एकमेकांत खूप मिसळले तर रेषा हलवून उपयोग नाही, उतारा बदला. त्याच वेळी प्रत्येक प्रश्न पाहा. वरच्या वर्गातले आणि खालच्या वर्गातले तो सारख्याच प्रमाणात सोडवत असतील तर तो प्रश्न वर्गवारीच्या कामाचा नाही, कितीही सुंदर असो. पंधरा-वीस जणांवर मोठं संख्याशास्त्र करता येत नाही, पण असे निकामी प्रश्न डोळ्यांनाच दिसतात.

शेवटी, कितीही नीट घेतली तरी काही जण चुकीच्या वर्गात जाणारच, म्हणून दुसऱ्या आठवड्यात बदल करायचा दिवस आधीच जाहीर करा. शिक्षकाने प्रत्येक नावापुढे ‘राहू दे’, ‘वर’ किंवा ‘खाली’ एवढंच लिहायचं. प्रौढ माणसाला खाली आणणं त्याला लागतं, बरेच जण तेव्हा वर्गच सोडतात. वर नेलं तर कुणी तक्रार करत नाही. त्यामुळे शंका असेल तिथे खालच्या वर्गापासून सुरुवात करा आणि तसं त्यांना प्रवेशाच्या वेळीच सांगा. हे शेरे जपून ठेवा. ‘वर’ जास्त आले तर रेषा कडक आहेत, ‘खाली’ जास्त आले तर सैल. एकाच वर्गातून दोन्ही बऱ्यापैकी आले तर रेषेला हात लावू नका, त्या लोकांच्या तोंडी टप्प्याच्या नोंदी काढून बघा. बहुतेक वेळा दोन परीक्षकांनी दोन वेगळे निकष लावलेले निघतात.

उताऱ्याच्या दोन आवृत्त्या तयार ठेवा, कारण पुन्हा तपासायला आलेल्याला पहिला उतारा आठवत असतो. दुसरा उताराही चालू वर्गांना देऊन त्याची रेषा वेगळी ठरवा. पहिल्याची रेषा त्याला जशीच्या तशी लावू नका.